तिकीट रद्द केलं, हातात किती येणार? विमान आणि हॉटेलच्या परताव्याचा हिशेब

"एकवीस हजारांची तिकिटं आहेत, रद्द करायला तीन हजार लागतात, म्हणजे अठरा परत येतील ना?" तिकिटांच्या धंद्यात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर द्यायच्या आधी मी कागद-पेन पुढे ओढतो. त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. तीन हजार हा आकडा माणशी असतो. तोही एका बाजूच्या प्रवासाचा, दोन्ही बाजूंचा नाही. आणि जायच्या विमानाला तीन हजार लागत असतील तर परतीच्या विमानालाही तेवढेच लागतील असं नाही, कारण दोन्ही विमानं उडायला किती वेळ उरलाय ते वेगवेगळं मोजलं जातं.

हा हिशेब एकदा हाताने करून पाहिला की पुढे कधी अडत नाही. खाली भारतातल्या देशांतर्गत विमानाचं एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवलंय, आणि त्याच प्रवासातलं हॉटेलही घेतलंय. उदाहरणातले भाडं आणि चार्ज मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या कंपनीचा तक्ता वेगळा असेल, पण गणित हेच राहील.

प्रकरण असं आहे

पुण्याचं एक जोडपं. १२ तारखेला सकाळी ६:४० चं पुणे–दिल्ली विमान, १६ तारखेला रात्री ८:१५ ला परत. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर. १० तारखेला रात्री ११ वाजता घरात कुणीतरी आजारी पडलं आणि दोन्ही बाजूंचं तिकीट रद्द करायचं ठरलं.

कंपनीचा तक्ता असा धरू: उड्डाणाला ९६ तास किंवा जास्त बाकी असतील तर माणशी दर सेक्टरला, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला, ३,००० रुपये. ९६ तासांपेक्षा कमी आणि २ तासांपेक्षा जास्त बाकी असतील तर ३,८००. त्यानंतर ऑनलाइन रद्द करता येत नाही, आणि विमानतळावर गेलाच नाहीत तर तो 'नो-शो'.

पायरी १: भाड्याचे तुकडे सुटे करा

ई-तिकिटावर किंवा इनव्हॉइसवर भाड्याची फोड दिलेली असते. एकूण रक्कम बाजूला ठेवा आणि फोडीकडे पाहा. एजंटाने दिलेल्या तिकिटावर बरेचदा नावांऐवजी दोन अक्षरी कोड असतात: `YQ` म्हणजे इंधन अधिभार, `IN` म्हणजे यूडीएफ, विमानतळ वापरल्याबद्दलची फी, `P2` म्हणजे सुरक्षा शुल्क आणि `K3` म्हणजे जीएसटी. हे चार कोड ओळखता आले की बरंचसं तिकीट वाचता येतं.

आपल्या जोडप्याची एका माणसाची फोड:

| | जाताना | येताना |
|---|---|---|
| मूळ भाडं | ३,१०० | ४,६०० |
| इंधन अधिभार | ४०० | ४०० |
| यूडीएफ | ५०० | ४५० |
| सुरक्षा शुल्क | २३६ | २३६ |
| जीएसटी ५% | १७५ | २५० |
| एकूण | ४,४११ | ५,९३६ |

माणशी १०,३४७, दोघांचे २०,६९४. त्यावर वेबसाइटने माणशी दर सेक्टरला ३०० रुपये कन्व्हिनियन्स फी लावली, म्हणजे चार वेळा, १,२००. खात्यातून गेले २१,८९४.

आता या तुकड्यांचे मनातल्या मनात दोन ढीग करा. मूळ भाडं आणि इंधन अधिभार हा कंपनीचा पैसा. कॅन्सलेशन चार्ज याच ढिगातून कापला जातो. यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क कंपनीने तुमच्याकडून दुसऱ्यासाठी गोळा केलेलं आहे. तुम्ही उडालाच नाहीत, तर ते तुमचं तुम्हाला परत मिळायला हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, १ ऑगस्ट २०१६ पासूनचा नियम हे स्पष्ट सांगतो. रद्द केलेल्या, न वापरलेल्या आणि नो-शो झालेल्या तिकिटावरचे वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची. ज्या स्वस्त ऑफरच्या तिकिटावर 'नॉन-रिफंडेबल' असं ठळक लिहिलेलं असतं, त्यालाही हे लागू आहे. तिथे परत न मिळणारं असतं ते फक्त मूळ भाडं.

कन्व्हिनियन्स फी या दोन्ही ढिगांत बसत नाही. ती बुकिंग करून दिल्याची फी, बहुतेक ठिकाणी परत येत नाही. ती गेली असं धरूनच पुढे चला. पैसे देऊन निवडलेली सीट आणि मागवलेलं जेवण यांचंही बहुधा तेच होतं.

पायरी २: प्रत्येक विमानाचे तास वेगळे मोजा

१० तारखेच्या रात्री ११ पासून १२ तारखेच्या सकाळी ६:४० पर्यंत ३१ तास ४० मिनिटं. म्हणजे जायचं विमान ३,८०० च्या टप्प्यात.

तिथूनच १६ तारखेच्या रात्री ८:१५ पर्यंत पाच दिवस आणि २१ तास १५ मिनिटं, एकूण १४१ तासांहून थोडे जास्त. परतीचं विमान अजून ३,००० च्या टप्प्यात. एकाच पीएनआरवर, एकाच वेळी, एकाच बटणाने रद्द झालेल्या दोन विमानांना दोन वेगळे दर लागले.

इथे फसायची जागा म्हणजे 'दिवस' हा शब्द. काही तक्त्यांत '० ते ३ दिवस' आणि '४ दिवस किंवा जास्त' असं लिहिलेलं असतं. हे दिवस तासांनी मोजायचे की तारखेने? तासांनी मोजणाऱ्या कंपनीकडे १२ तारखेच्या सकाळी ६:४० च्या विमानाचा ९६ तासांचा टप्पा ८ तारखेला सकाळी ६:४० ला संपतो. त्या दिवशी दुपारी जेवून निवांत रद्द करायला बसलात तर टप्पा हातातून गेलेला असतो. तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. तिथेही उलगडा झाला नाही, तर एक दिवस आधीच रद्द केलेलं बरं.

आणि टप्पा ठरतो तो शेवटचं 'कन्फर्म' दाबलं त्या मिनिटाला. तुम्ही पान कधी उघडलंत याला महत्त्व नाही. कस्टमर केअरच्या रांगेत पाऊण तास संगीत ऐकत बसलात तरी घड्याळ थांबत नाही. टप्प्याची वेळ जवळ आली असेल तर फोनच्या नादी लागू नका, वेबसाइटवरूनच उरका.

पायरी ३: चार्ज आणि कमाल मर्यादा यांत लहान आकडा कोणता ते पाहा

बहुतेक लोकांना ही पायरी माहीतच नसते. डीजीसीएच्या त्याच नियमानुसार कॅन्सलेशन चार्ज कधीही मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तक्त्यात कितीही मोठा आकडा छापलेला असो.

जाताना: तक्त्यातला चार्ज ३,८००, पण मूळ भाडं आणि अधिभार मिळून ३,५००. म्हणून चार्ज ३,५००.

येताना: चार्ज ३,०००, बेरीज ५,०००. म्हणून चार्ज ३,०००.

स्वस्त तिकिटांना ही मर्यादा वारंवार लागते. अठराशे रुपयांच्या मूळ भाड्याच्या तिकिटाला ३,८०० चा चार्ज बघून "आता आपल्यालाच वर पैसे भरावे लागणार का" असं घाबरून विचारणारे लोक मला भेटलेत. नाही लागत. अशा तिकिटावर कंपनीचा ढीग सगळा जातो, दुसरा ढीग परत येतो.

पायरी ४: चार्जवरचा जीएसटी

मूळ भाड्यावर भरलेला सगळा जीएसटी परत येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. कंपनीने जो चार्ज ठेवून घेतला तो तिच्या दृष्टीने एका सेवेचा मोबदला आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं की त्या चार्जवर मूळ सेवेच्याच दराने जीएसटी लागतो. इकॉनॉमी वर्गाचा दर ५ टक्के, म्हणून चार्जवरही ५ टक्के.

जाताना ३,५०० वर १७५. येताना ३,००० वर १५०.

काही कंपन्यांचा छापलेला चार्ज जीएसटीसकट असतो, काहींचा जीएसटी सोडून. आपण सोडून धरलाय. तुमचा हिशेब आणि आलेली रक्कम यांत शे-दीडशेचा फरक पडला तर आधी इथे शोधा.

पायरी ५: वजाबाकी

जाताना: ४,४११ − ३,५०० − १७५ = ७३६. ही रक्कम नीट पाहिलीत तर ती ५०० आणि २३६ ची बेरीज आहे, म्हणजे दुसऱ्या ढिगाइतकीच.

येताना: ५,९३६ − ३,००० − १५० = २,७८६.

माणशी ३,५२२, दोघांचे ७,०४४. भरले होते २१,८९४. अठरा हजारांची आशा धरून बसलेल्या माणसाला हा आकडा ऐकवताना मी आधी पाण्याचा ग्लास पुढे करतो.

तिकीट एखाद्या ट्रॅव्हल पोर्टलवरून किंवा एजंटाकडून घेतलं असेल तर त्याची स्वतःची कॅन्सलेशन फी यातून आणखी वजा होते. तीही माणशी दर सेक्टरला. ३०० रुपये धरले तरी १,२०० गेले, हातात ५,८४४. ही फी विमान कंपनीची नाही आणि वरच्या कमाल मर्यादेत धरलेली नसते. म्हणून एजंटाकडून कंपनीचा चार्ज आणि त्याची फी असे दोन वेगळे आकडे मागून घ्या. एकच आकडा सांगणाऱ्या एजंटाला फोड विचारायला लाजू नका. आम्हाला सवय असते.

हिशेब झाल्यावर कळतं की तीन दिवसांचा प्रश्न किती रुपयांचा होता

समजा या जोडप्याने ७ तारखेलाच तिकीट रद्द केलं असतं. जायच्या विमानाला ३,००० अधिक १५० लागले असते आणि माणशी ७३६ ऐवजी १,२६१ परत आले असते. दोघांचा फरक १,०५०. वाटतो तितका मोठा नाही. म्हणून जायची अजून पन्नास टक्के शक्यता असेल, तर केवळ टप्पा चुकेल म्हणून घाईने रद्द करण्यात फारसा शहाणपणा नाही. पण तिकीट महाग असेल, मूळ भाडं आठ-दहा हजारांचं असेल, आणि तक्त्यातल्या दोन टप्प्यांत मोठी दरी असेल, तर हाच फरक चार जणांच्या कुटुंबाला चांगलाच लागतो. आधी हिशेब करा, मग घाई करायची की नाही ते ठरवा.

दुसरी गोष्ट. जायच्या तिकिटाला कमाल मर्यादा लागली होती. म्हणजे १० तारखेला रद्द केलं काय किंवा विमान चुकवलं काय, या तिकिटावर मिळणार ७३६ च. मग रद्द करायची तसदी कशाला? दोन कारणांसाठी. रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा आपोआप निघतो, नो-शोचे कर मात्र अनेकदा अर्ज करून मागावे लागतात, आणि ते मागायचे असतात हेच लोकांना ठाऊक नसतं. शिवाय काही कंपन्यांच्या अटींत असं असतं की जायच्या विमानाला आला नाहीत तर परतीचं तिकीटही रद्द धरलं जाईल. तसं झालं तर परतीच्या २,७८६ पैकी यूडीएफ आणि सुरक्षा शुल्काचे ६८६ सोडून बाकीच्यावर पाणी सोडावं लागेल.

रद्द करू नये अशा वेळा

बुकिंग नुकतंच केलंय आणि तारीख चुकली? केंद्राच्या २०१९ च्या प्रवासी सनदेने बुकिंगपासून २४ तासांची 'लुक-इन' मुभा दिली होती. या काळात कंपनीच्या चार्जशिवाय रद्द करता येतं, फक्त प्रवासाला सात दिवसांपेक्षा कमी उरलेले नसावेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ही मुदत ४८ तास करण्याचा मसुदा मांडला होता. म्हणून तुमच्या बुकिंगच्या दिवशी कोणती मुदत चालू आहे ते कंपनीच्या अटींत पाहून घ्या.

आणि विमानाला उशीर होणार अशी कुणकुण लागली, धुकं आहे, संप आहे, तर आपल्या हाताने रद्द करू नका. विमान कंपनीने रद्द केलं तर टप्पे-बिप्पे काही लागत नाहीत. दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरीही हाच पर्याय मिळतो. रात्री दहाला वैतागून स्वतः रद्द केलं आणि बाराला कंपनीचा 'विमान रद्द' असा मेसेज आला, तर तुम्ही स्वेच्छेने रद्द करणारे ठरता आणि चार्ज कापला जातो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात हे हमखास घडतं.

दोघांपैकी एकालाच जायचं नसेल तर पूर्ण पीएनआर रद्द करण्याची गरज नाही. आधी प्रवासी निवडा, मग सेक्टर निवडा. हे न पाहता दाबलेलं बटण माघारी घेता येत नाही.

त्याच प्रवासातलं हॉटेल

हॉटेलच्या हिशेबात दुसरा ढीग नसतो, म्हणून तो सोपा आहे. पण तिथे सरकारने ठरवलेली कमाल मर्यादाही नाही. अटीत 'शंभर टक्के' लिहिलेलं असेल तर शंभर टक्के जातात, जीएसटीसकट.

आपल्या जोडप्याने दिल्लीत तीन रात्रींची खोली घेतली होती. रात्रीला ४,००० आणि ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४,२००. एकूण १२,६००. अट अशी: चेक-इनच्या ७२ तास आधीपर्यंत मोफत, ७२ ते २४ तासांत पहिल्या रात्रीचं भाडं, २४ तासांच्या आत पूर्ण रक्कम.

इथे मोजणी सुरू कुठून होते ते महत्त्वाचं. विमान सकाळी ६:४० चं असलं तरी हॉटेलचं घड्याळ चेक-इनच्या वेळेपासून मागे जातं, इथे १२ तारखेच्या दुपारी २ पासून. १० तारखेला रात्री ११ वाजता ३९ तास बाकी. पहिली रात्र गेली, ४,२००. परत ८,४००. मोफत मुदत ९ तारखेला दुपारी २ ला संपली होती.

'पहिली रात्र' आणि 'एक रात्र' यांतला फरक लक्षात ठेवा. शनिवारची रात्र सात हजारांची आणि रविवारची चारची असेल, आणि तुम्ही शनिवारी पोचणार असाल, तर पहिली रात्र म्हणजे महागडी रात्र. गोव्यात किंवा महाबळेश्वरला सुट्टीच्या मोसमात हा फरक जाणवतो.

परदेशातल्या हॉटेलची मुदत तिथल्या स्थानिक वेळेने चालते. बँकॉकच्या हॉटेलने '१० तारखेला रात्री ११:५९ पर्यंत मोफत' म्हटलं असेल तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे १०:२९ झालेले असतात. दुबईचं उलट, तिथे आपल्याला दीड तास जादा मिळतो. 'हॉटेलवर पैसे द्या' या पद्धतीच्या बुकिंगलाही मुदत असते. कार्डाचा नंबर त्यांच्याकडे असतो आणि न गेल्यास त्यावरून पहिल्या रात्रीची रक्कम वसूल होऊ शकते.

बटण दाबताना आणि दाबल्यावर

शेवटच्या पानावर परताव्याची रक्कम दिसते. कन्फर्म करण्याआधी ती आपल्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा आणि स्क्रीनशॉट घ्या, मोबाइलवरची वेळ दिसेल असा. परतावा कुठे हवा हे विचारलं तर 'मूळ खात्यात' निवडा. पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच पैसे ठेवायचे, म्हणजे क्रेडिट शेल, हा फक्त पर्याय आहे, कंपनी तो तुमच्यावर लादू शकत नाही. काही ठिकाणी मात्र तोच आधी टिक केलेला असतो.

२०१६ च्या नियमानुसार क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे कंपनीने सात दिवसांत परत पाठवायचे, रोख भरले असतील तर त्याच कार्यालयातून लगेच. एजंटामार्फत घेतलेल्या तिकिटाला २०१६ च्या नियमात ३० कामकाजाचे दिवस होते, पण जबाबदारी तिथेही विमान कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी मानला जातो. "एजंटाला विचारा" म्हणून कंपनीने टोलवलं तर हेच वाक्य त्यांना ऐकवा.

कंपनी म्हणते पाठवले, बँक म्हणते आले नाहीत, अशी फुगडी सुरू झाली तर कंपनीकडून एआरएन नंबर मागा. कार्डाच्या प्रत्येक परताव्याला हा नंबर असतो आणि त्यावरून बँकेला रक्कम कुठे अडकली ते शोधता येतं. रक्कमच कमी आली असेल तर वरच्या पाच पायऱ्यांची फोड आणि स्क्रीनशॉट जोडून आधी कंपनीला ईमेल करा, मग नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. हॉटेल किंवा पोर्टलबद्दल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तक्रारीत "पैसे कमी आले" एवढंच लिहू नका. "जाताना यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क मिळून माणशी ७३६ येणं होतं, आले ५००" असं लिहा.